फोटोतल्या बाईचं वय

छोटीचं वय पन्नास. तरी घरात, गल्लीत, दुकानात तिला सगळे छोटीच म्हणत. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या बायकोची लेक नऊ वर्षांची होती. कुणीतरी शहाण्यानं त्या पोरीला शिकवलं, "ही तुझी छोटी आई हं." पोरीनं दोन दिवस पूर्ण नाव घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं नेमकं 'आई' गाळून टाकलं. उरली छोटी. मोठी कोण, ते विचारायचं कारण नव्हतं. मोठी भिंतीवर होती. एकोणतिसाव्या वर्षी तापानं गेली आणि तेव्हापासून एकोणतिशीतच राहिली.

जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. तिची भाजी खारट होते, तिचे केस गळतात, तिला घोरताना ऐकता येतं. मेलेल्या बाईचं काहीच बिघडत नाही. छोटीचे गुडघे कुरकुरायला लागले, डोळ्यांना चष्मा लागला, कमरेचं माप दर दोन वर्षांनी बदललं. भिंतीवरची मात्र तशीच मान तिरपी करून हसतेय. छोटी रोज तिची काच पुसायची. पुसताना कधी फडकं जरा जोरात फिरायचं, एवढंच.

तिचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला उघडणारी एक खोली, एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि दोऱ्यांच्या रिळांनी भरलेली फळी. पॅन्टची उंची कमी करायची, कंबर सोडायची, चेन बदलायची. "नवं शिवता का हो?" कुणी विचारलं तर ती म्हणायची, "नाही बाई. दुसऱ्यांनी शिवलेलं अंगाला बसतं करून देते." म्हणताना चेहरा अगदी सरळ. ज्यांना कळायचं ते हसायचे, ज्यांना नाही कळायचं ते बिल भरून जायचे.

त्या दिवशी लेक ड्यूटीवरून थेट दुकानात आली. लेक दवाखान्यात नर्स. नवं घर घेतलं होतं तिनं, दोन खोल्यांचं, आणि त्याचं वेड लागलं होतं तिला.

"छोटी, दारासमोरची भिंत आहे ना, तिथे एक मोठं चित्र लावायचंय. फोटो नाही, काढून घेतलेलं. आपण चौघं एकत्र."

"चौघं कोण?" छोटीनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"बाबा, मी, तू आणि आई."

दोरा काही ओवला गेला नाही.

"चौघं एका वेळी कधी बसलो होतो गं आपण?"

"म्हणूनच तर चित्र. फोटोत नाही ना येत ते. एक चित्रकारीण शोधलीय मी, घरूनच काम करते. वेगवेगळ्या फोटोंवरून एक चित्र करते. फक्त तिला सगळं नीट लिहून द्यावं लागतं. कुठला फोटो कशासाठी, वातावरण कसं पाहिजे, काय बदललं तर चालेल, काय नाही." लेक टेबलावर चढून बसली, पाय हलवायला लागली. "ते तू लिही."

"मी? मी काय कथा-कादंबऱ्या लिहिते?"

"फोटो सगळे तुझ्या ताब्यात. आणि या आठवड्यात मला रात्रपाळी आहे. लिही ना गं. मला एवढंच पाहिजे की दुपारचं वाटावं, जेवून सगळे निवांत बसलेत असं. फोटोला उभे राहिलोत असं नको. बाकी तुझ्यावर सोडलं."

तुझ्यावर सोडलं. छोटीनं सुई खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्या बाईच्या बाबतीत कुणी काही तिच्यावर सोडलं नव्हतं, काच पुसण्याखेरीज.

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तिनं फोटो कापायच्या टेबलावर मांडले. नवऱ्याचे पुष्कळ. लेकीचे तर ढीग. मोठीचे तीन: एक भिंतीवरचा हसरा, एक खिडकीत बसलेला आणि एक दोघांचा, ज्यात नवरा तिच्याकडे बघतोय आणि ती दुसरीकडेच. छोटीचे मात्र शोधून शोधून दोन निघाले, त्यातला एक ओळखपत्राचा. घरातले सगळे फोटो छोटीनंच काढलेले. कॅमेरा धरणारी बाई फोटोत कशी येणार?

तिनं मोठीचा हसरा फोटो लेकीच्या आत्ताच्या फोटोशेजारी ठेवला आणि पहिल्यांदा एक गोष्ट तिच्या डोळ्यांत भरली. आई लेकीपेक्षा तीन वर्षांनी लहान. चित्रात ही तरणीताठी बाई त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाशेजारी बसणार, आणि पलीकडे छोटी, गुडघे धरून. येणारे-जाणारे काय म्हणतील? म्हणतील, ही कुणाची मुलगी? हेच कारण पुढे करावं. खरं कारण पोटात ठेवावं. पोट भरपूर मोठं होतं.

मग तिनं लिहायला घेतलं. लिहिलं ते असं:

"फोटो एक: लेकीची आई. चेहरा आणि हसणं यावरून घ्यावं. मान तिरपी आहे ती तशीच ठेवावी, लेकीला ती आवडते. फोटो दोन: बसण्याची पद्धत यावरून. कपडे कुठलेही चालतील, फक्त फुलाफुलांचे नकोत. फोटो चार: यजमान. चष्मा दाखवावा, पण काचेवरची चमक काढावी. उजव्या भुवईवरचा व्रण तसाच ठेवावा, त्याशिवाय ते दिसत नाहीत. फोटो सहा: लेक. ती कशीही काढली तरी चालते, ती छानच दिसते. फोटो सात: मी. फोटो चांगला नाही. मी कुठेही चालेन.

वातावरण: दुपारचं, जेवण झालेलं, ऊन खिडकीतून. कुणी कुणाकडे मुद्दाम बघत नाही असं.

नक्की बदलावं: लेकीच्या आईचं वय. ती आज असती तर पंचावन्नची असती. तेवढी दाखवावी. केस पांढरे, चेहरा भरलेला. संकोच करू नये.

हे चित्र तुमच्या कामाचा नमुना म्हणून कुठे दाखवू नये."

शेवटची दोन वाक्यं लिहून झाल्यावर तिनं कागद लांब धरला. कसा सरळ होता. एखाद्या सरकारी पत्रासारखा. कुणाला वाटेल, ह्या बाईच्या मनात काही नाही.

चित्रकारीण जुने फोटो प्रत्यक्ष मागत होती, मोबाईलवरून पाठवलेले तिला चालत नव्हते. म्हणून छोटी स्वतःच गेली. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीपाशी तिरकं टेबल, त्यावर काचेच्या पाटीसारखा पडदा आणि त्या पडद्यावर चालणारी, शिसं नसलेली पेन्सिल. चित्रकारीण तिशीची असेल, केस वर एका पेन्सिलीनंच खोचलेले.

"बसा काकू. फोटो मी इथेच स्कॅन करते आणि परत देते, घेऊन ठेवत नाही. जुन्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला की डोळ्यांचं नुसतं पिठलं होतं."

तिनं कागद वाचला. वाचताना कडेला खुणा करत गेली. "छान लिहिलंय हो. लोक नुसतं 'मस्त बनवा' म्हणून पाठवतात. एक अडचण सांगते. तुमच्या या बाईंच्या फोटोत उजेड डावीकडून येतोय आणि काकांच्या फोटोत समोरून. एका चित्रात सगळ्यांवर ऊन एकाच बाजूनं पडायला हवं, नाहीतर चिकटवल्यासारखं दिसतं. मी डावीकडचं धरते. चालेल?"

"म्हणजे सगळ्यांनी तिच्या उजेडात बसायचं."

"असं म्हणा हवं तर," चित्रकारीण हसली. मग पुढच्या ओळीशी थांबली. "यांचं वय वाढवायचंय? हे... तुमच्या मुलीला माहीत आहे ना? पैसे त्या भरतायत, शेवटी होकार त्यांचा लागतो."

"ठरलंय आमचं. लेकीपेक्षा आई लहान दिसली तर बरं दिसेल का?"

"नाही, मुद्दा बरोबर आहे." तिनं फोटो उजेडात धरला. "पण नुसते केस पांढरे केले तर पांढरा टोप घातलेली मुलगी दिसते. माणूस कसा म्हातारा होतो ते घराण्यावर असतं. यांच्या आईचा, बहिणीचा, कुणाचा तरी उतारवयातला फोटो आहे का?"

छोटी त्याच प्रश्नाची वाट बघत बसल्यासारखी पर्स उघडायला लागली. "मोठ्या बहिणीचा आहे."

मोठ्या बहिणीला नात्यात कुणी आवडीनं बोलवत नसे. फोटोत ती एका खुर्चीत रुतून बसलेली, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, तोंड असं की कुणी आत्ताच लिंबू पिळलंय. छोटीनं तो फोटो अगदी अलगद टेबलावर ठेवला, जसं ताटात शेवटचं पक्वान्न वाढावं.

चित्रकारिणीनं तो बराच वेळ पाहिला. "हाडं सारखीच आहेत. छान, याचा उपयोग होईल."

"तोंडही सारखंच होतं, म्हणतात," छोटी म्हणाली.

"तोंड नाही घेणार. तोंड बाईंचं स्वतःचं. मी फक्त कातडी कुठे सैल होते, डोळ्यांखाली काय होतं, तेवढंच यातून घेते. हसणारी माणसं वेगळी म्हातारी होतात काकू. सुरकुत्या वर वळतात."

छोटीला वाटलं, फोटो परत मागावा. पण काय सांगून मागणार?

"आणि तुमचा दुसरा फोटो नाही का? हा ओळखपत्राचा आहे. यावरून मला तुमचं फक्त घाबरलेलं तोंड मिळतंय."

"मी कुठेही चालेन. लिहिलंय ना."

"लिहिलंय," चित्रकारीण म्हणाली आणि तिनं तिथेही एक खूण केली. "आधी पेन्सिलीचं कच्चं चित्र पाठवते. त्यात माणसं हलवायची असली, बसवायची, उठवायची असली तर एकदा बदल करून देते. तेव्हाच सांगा. रंग भरल्यावर मग रंगाचेच बदल. कुणाला तेव्हा उठवायचं म्हणालात तर अख्खं चित्र पुन्हा काढावं लागतं."

कच्चं चित्र रविवारी सकाळी आलं. लेकीनं ते येतायेताच छापून आणलं होतं. नवरा आपल्या बाकावर बसून कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. रेडिओ दुरुस्त करायला देणारी चार माणसं अजून शिल्लक होती, आणि तो त्या चौघांवर जीव लावून होता. लेकीनं कागद त्या उघड्या रेडिओशेजारी पसरला.

नवऱ्यानं डाग द्यायची तापलेली कांडी स्टँडवर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अशी दिसली असती होय," तो म्हणाला.

छोटी त्याच्या खांद्यावरून बघत होती. खुर्चीत एक पंचावन्नची बाई बसली होती. केस पांढरे होते, पण कपाळावरून मागे जाताना त्यांना एक वळण होतं. चेहरा भरलेला होता, सांगितला होता तसाच, आणि भरून तो आणखी देखणा झाला होता. डोळ्यांच्या कडेच्या सगळ्या सुरकुत्या वर वळल्या होत्या. मान तिरपी. शेजारी तिचा नवरा, व्रणासकट, चष्म्यासकट. बाप-लेक वाटायची भीती होती ना छोटीला? आता ते नवरा-बायको वाटत होते. तीस-पस्तीस वर्षं एका छपराखाली काढलेले, एकमेकांची औषधं लक्षात ठेवणारे.

लेक रडत होती, नाक पुसत होती, हसतही होती. "मी कधी विचारच नव्हता केला. मी मोठी होत गेले आणि आई तिथेच. तिला म्हातारं होताच आलं नाही ना बाबा." मग तिनं वळून छोटीला मिठी मारली. "हे तुला कसं सुचलं गं? एवढं मोठं मन. माझ्या आईला वय दिलंस तू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. छोटी मिठीत उभी राहिली, लाकडाच्या ओंडक्यासारखी. आणि लेकीच्या खांद्यावरून तिला चित्रातली चौथी व्यक्ती दिसली. खुर्च्यांच्या मागे, अगदी कडेला, दाराच्या चौकटीशी, एक बाई उभी होती. हात पुढे बांधलेले. तोंड घाबरलेलं. काही पाहिजे का विचारायला आली आहे आणि विचारून निघून जाणार आहे, अशी. कुठेही चालेन लिहिलं होतं, तिथेच चालवली होती तिला.

"बाबा, काही बदलायचं का? एकदाच बदलता येतं."

"काय बदलायचंय त्यात," नवरा म्हणाला. अजून बघतच होता. कांडीचा धूर उगाच वर जात होता.

"कांडी बंद करा," छोटी म्हणाली. "घर जाळायचंय का?"

दुपारी दुकान उघडायचा वार नव्हता, तरी ती जाऊन बसली. एक पॅन्ट घेतली, उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. मग फोन काढून चित्रकारिणीला निरोप लिहिला: "वय पुन्हा एकोणतीस करावं. फुलाफुलांचे कपडे चालतील." तरणी परवडली. तरण्या पोरीवर जळता येतं, ती मूर्ख आहे, तिला संसार ठाऊक नाही असं म्हणता येतं. या पंचावन्नच्या बाईला काय म्हणायचं? तिनं तर छोटीचं वयसुद्धा घेतलं. एवढीच एक गोष्ट छोटीकडे तिच्यापेक्षा जास्त होती.

उत्तर लगेच आलं. "करते काकू, अवघड नाही. पण तुमच्या मुलीनं सकाळीच कळवलंय की आईला अजिबात हात लावू नका. त्यांचा एक शब्द आला की करते. उद्या रंग सुरू करायचेत."

छोटीनं फोन पालथा ठेवला. आता तोंड उघडायला लागणार होतं.

तोंड उघडायची वेळ संध्याकाळीच आली, कारण लेक स्वतःच दुकानात आली, भिंतीचं माप लिहिलेला कागद घेऊन.

"केवढी चौकट करायची गं? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते ऐकशील?" छोटी मशीनवरून उठली नाही. "तिचं वय मी प्रेमानं नाही वाढवलं. मोठं मन बिन काही नाही माझं. मला ती तरणी बघवत नव्हती. म्हटलं होऊ दे जाडी, होऊ दे पांढरी, तुझ्या थोरल्या मावशीचा फोटो मुद्दाम नेऊन दिला. आणि ती मेली म्हातारी होऊनही चांगलीच दिसते. तेही बघवत नाही. झालं? आता त्या चित्रकारिणीला सांग, पुन्हा एकोणतीस कर म्हणावं."

लेक टेबलापाशी उभीच राहिली. तिच्या तोंडावर राग आला, थांबला, मग तिथे काहीतरी भलतंच झालं. ओठ दाबून धरले तिनं.

"थोरल्या मावशीचा? तो लिंबाचा?"

"हसू नकोस. हसण्यासारखं काय आहे?"

"नाही हसत." ती हसत होती. मग थांबली. "मला आईला परत लहान नाही करायचं छोटी. ते मी नाही सांगणार. तू रागव हवं तर."

"रागावलेच आहे."

"तुला नक्की काय सलतंय? तिचं वय?"

छोटीनं मशीनचं चाक हातानं फिरवलं, उगाच. चित्र टेबलावर नव्हतं, तरी तिला ते दिसत होतं. ती चौकट, ते बांधलेले हात.

"मी दारात का उभी आहे?" ती म्हणाली. आवाज जरा फाटला. "तेवीस वर्षं झाली मला आत येऊन."

लेकीनं फोन काढला. चित्र उघडून बोटांनी मोठं केलं आणि पहिल्यांदाच त्या कडेच्या बाईकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आईपुढे तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. छोटीला ते कळलं. तेही सललं.

"तूच लिहिलं होतंस ना, कुठेही चालेन म्हणून."

"बायका लिहितात असं. लिहिलं म्हणून कुणी चालवून घेतं का?"

"ती चित्रकारीण आहे गं, घरातली थोडीच आहे? लिहिलंय तेच काढणार." लेकीनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. "सांग आता. एक बदल शिल्लक आहे. मी टाईप करते."

"मला खुर्ची पाहिजे."

"खुर्ची."

"पुढे. तुझ्या बाबांच्या दुसऱ्या बाजूला. मागे नाही."

"पुढे, दुसऱ्या बाजूला. अजून?"

"तिच्या खुर्चीपेक्षा बुटकी नको."

लेकीनं मान वर न करता टाईप केलं. "जमेल," असं उत्तर आलं. "माणूस हलवायचं तर आत्ताच, बरं झालं सांगितलंत. पण काकूंचा बसलेला फोटो हवा. ऊन डावीकडून. आणि ओळखपत्राचं तोंड नको."

ऊन उतरायला आलं होतं. लेकीनं दुकानाचं दार सताड उघडलं, छोटीला खुर्चीसकट उचलल्यासारखं करून दाराच्या उजव्या अंगाला बसवलं. छोटीनं हात कुठे ठेवायचे ते विचारलं. लेक म्हणाली, कुठेही. छोटीनं तिच्याकडे असं पाहिलं की लेकीला हसू आवरेना, आणि तिला बघून छोटीलाही. फोटो तेव्हाच निघाला.

रंगवलेलं चित्र लेकीच्या भिंतीवर लागलं तेव्हा तिघंही तिथे होती. चित्रात तिघं खुर्च्यांवर एका ओळीत, लेक मागे त्यांच्या खांद्यांवर वाकलेली, दुपारचं ऊन डावीकडून सगळ्यांवर सारखं. लेक चहा करायला आत गेली. छोटीनं आधी खुर्च्यांच्या पाठी ताडून पाहिल्या. सारख्या होत्या. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हात मागे बांधून चित्रासमोर उभा होता.

"कुणाकडे बघताय?"

नवऱ्यानं थोडा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, तेवढी हुशारीही नव्हती.

"आधी तिच्याकडे बघितलं," तो म्हणाला. "आता तुझ्याकडे."

छोटी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. जळजळ होतीच, जायची कुठे ती. पण त्याची नजर खरोखरच आता उजवीकडच्या, छोटीच्या खुर्चीवर होती, आणि तिथून हलत नव्हती.

"उद्यापासून उलट बघत जा," ती म्हणाली.